निम्मे-निम्मे शेअर्स, आणि दोघांपैकी एक जण निघाला तर

"मी आणि माझा कॉलेजचा मित्र, दोघांचीच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. शेअर्स निम्मे-निम्मे. उद्या एकाने सोडलं किंवा आमचं पटेनासं झालं तर काय, हे करारात कसं लिहायचं?"

मी कंपनी सेक्रेटरी आहे. असा करार करताना मी आधी आकडे मांडायला लावते, कारण तोंडी 'बघू तेव्हा' म्हणणारे दोघेही आकडे पाहिल्यावर नीट बोलू लागतात.

तुमचे शेअर्स पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर आहेत. म्हणून व्हेस्टिंग, म्हणजे काळानुसार शेअर्सवरचा हक्क पक्का होत जाणं, उलट्या बाजूने लिहावं लागतं: मुदतीआधी जो जाईल, त्याचे व्हेस्ट न झालेले शेअर्स दुसऱ्याने ठरलेल्या किमतीला, बहुधा दर्शनी किमतीला, विकत घ्यायचे. समजा प्रत्येकाकडे १० रुपयांचे ५,००० शेअर्स आहेत. मुदत ४ वर्षांची. पहिलं वर्ष पुरं झाल्यावर एकदम पाव हिस्सा व्हेस्ट होतो आणि पुढे दरमहा थोडा थोडा. मित्र दीड वर्षाने गेला, तर त्याचे १,२५० अधिक ६२५, म्हणजे १,८७५ शेअर्स व्हेस्ट झाले. उरलेले ३,१२५ तुम्ही ३१,२५० रुपयांना घ्यायचे. आता तुमच्याकडे ८१.२५ टक्के. विशेष ठरावाला लागणारी तीन चतुर्थांश मतं तुमच्या एकट्याकडे आली आणि कंपनी चालू राहिली. व्हेस्टिंगचं कलम नसतं, तर घरी बसलेल्या माणसाकडे निम्मी मतं राहिली असती.

आजारपण किंवा मृत्यू यांसाठी वेगळी, उदार अट ठेवा. पैशांची अफरातफर करून गेलेल्याला तीच अट लावू नका.

इथे कराची एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शेअरची नियमांनुसार काढलेली वाजवी किंमत ९० रुपये निघाली आणि तुम्ही तो १० रुपयांना घेतला, तर ३,१२५ शेअर्सवरचा अडीच लाखांचा फरक तुमचं उत्पन्न धरला जातो, कारण तो ५०,००० रुपयांहून जास्त आहे. विकणाऱ्याचा भांडवली नफाही वाजवी किमतीवरच मोजतात. सुरुवातीला कंपनीची मालमत्ता थोडी असते, तेव्हा हा फरक क्षुल्लक असतो. पैसा साचल्यावर तो जाचतो. म्हणून कर कोणी भरायचा, हे करारातच लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसता करार कपाटात ठेवून भागत नाही. व्ही. बी. रंगराज विरुद्ध व्ही. बी. गोपालकृष्णन या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेअर हस्तांतरणावरचं जे बंधन आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, नाही, ते कंपनीवर बंधनकारक नाही. त्यामुळे ही कलमं विशेष ठरावाने आर्टिकल्समध्ये घ्या आणि त्या ठरावाचा एमजीटी-१४ हा फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरा. जाणारा सही करायला आलाच नाही तर हस्तांतरण अडू नये, म्हणून दोघांनी आज एकमेकांना त्यापुरती पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी देऊन ठेवा.

डेडलॉकची, म्हणजे निर्णयच अडून राहण्याची, सुरुवात बहुधा भांडणाने होत नाही, गैरहजेरीने होते. बोर्डाच्या बैठकीला किमान दोन संचालक लागतात. तुम्ही दोघेच असाल आणि एक जण आलाच नाही, तर बँकेतली सही बदलण्याचा साधा ठरावही होत नाही. आर्टिकल्स कंपनी कायद्यातल्या 'टेबल एफ' या नमुन्यावरून जशीच्या तशी उचलली असतील, तर समान मतं पडल्यावर बोर्डाच्या अध्यक्षाला निर्णायक मत असतं. आपल्या आर्टिकल्समध्ये हे आहे का, ते आजच बघा. दोघांनाही नको असेल तर काढून टाका.

माझा आग्रह असा की आधी विषय वाटून घ्या: प्रॉडक्टबाबत एकाचा शब्द अखेरचा, हिशेब आणि नोकरभरतीबाबत दुसऱ्याचा. कर्ज, नवे शेअर्स, कंपनीची विक्री एवढ्याच गोष्टींना दोघांची संमती लागू दे. त्यातही अडलं तर तीस दिवस मध्यस्थ, आणि मग शेवटचा मार्ग: एकाने किंमत सांगायची, दुसऱ्याने त्याच किमतीला विकायचं की घ्यायचं ते ठरवायचं. हे कलम दोघांची ऐपत सारखी असेल तरच न्याय्य ठरतं. एकाच्या पाठीशी घरचा पैसा असेल, तर तो मुद्दाम पडती किंमत सांगू शकतो. म्हणून नोंदणीकृत मूल्यांकनकाराने काढलेली किंमत ही किमान किंमत ठेवा आणि पैसे उभे करायला नव्वद दिवस द्या.

सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धा करायची नाही, या अटीवर विसंबू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी किंवा काम सोडल्यानंतरची अशी अट सहसा टिकत नाही. त्यापेक्षा कोड आणि डिझाइनचे हक्क कंपनीच्या नावावर लेखी करून घ्या, नाहीतर जाणारा माणूस नेमकं तेच बरोबर नेईल.

आणि प्रायव्हेट कंपनीला दोन संचालक आणि दोन सभासद लागतातच. मित्राचा राजीनामा लागू होण्याआधी दुसरा संचालक नेमता येईल, अशी सूचनेची मुदत करारात ठेवा.