व्हिडिओतला धुळीचा डाग झाकण्यापेक्षा उजळून घ्या

प्रश्न: "चार मिनिटांच्या शॉटमध्ये उजवीकडे वर एक करडा ठिपका शेवटपर्यंत दिसतोय. पुन्हा शूट करणं शक्य नाही. एडिटमध्ये काढता येईल का?"

येईल. करडा आणि एका जागी स्थिर असलेला लहान ठिपका बहुतेक वेळा लेन्सवर नसतो, सेन्सरपुढच्या काचेवर बसलेल्या कणाचा असतो. अ‍ॅपर्चर f/16 सारखं बारीक असलं की तो ठळक दिसतो आणि f/2.8 ला जवळजवळ विरून जातो. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा डाग मोठा आणि धुरकट येतो. त्याच्याबद्दल शेवटी सांगतो.

मी आधी सगळे करतात तेच केलं होतं: शेजारचा आकाशाचा तुकडा उचलून ठिपक्यावर चिकटवला. स्थिर फ्रेमवर काम अगदी सफाईदार दिसलं. मग क्लिप चालवली. पक्ष्यांचा थवा त्या गोलापाशी आला की एकेक पक्षी गायब व्हायचा आणि पलीकडून पुन्हा उगवायचा. कॅमेरा खाली झुकून ठिपका झाडीवर आला तेव्हा तर हिरव्यात निळं ठिगळ!

खरं तर हा कण मागचं चित्र पूर्ण लपवत नाही, त्यातला थोडा प्रकाश अडवतो. मागचा तपशील फूटेजमध्ये असतोच, फक्त काळवंडलेला. म्हणून तेवढाच गोल उजळला की पक्षीही राहतात आणि पानंही.

त्यासाठी ठिपक्याचा नेमका आकार हवा. कॅमेरा हलत असेल तर बऱ्याच फ्रेमची सरासरी काढा. दृश्य पुसट होतं, ठिपका मात्र जागच्या जागी राहतो:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf "fps=2,tmix=frames=60" -update 1 avg.png
```

ही आज्ञा सेकंदाला दोन फ्रेम घेते आणि क्लिपच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटाची सरासरी `avg.png` मध्ये ठेवते. ती उघडल्यावर माझा ठिपका साधारण 40 पिक्सेल रुंद निघाला. मधोमध गडद, कडेला विरत गेलेला. अंदाजाने काढलेला गोल मी यापेक्षा बराच मोठा घेतला होता.

आता एडिटरमध्ये या गोलाएवढा मास्क काढा. त्याची कड ठिपक्याच्या कडेइतकीच मऊ ठेवा, कारण चुकीची कड असली की उजळल्यावर ठिपक्याभोवती कंकण दिसतं. मग आत `Gain` वाढवा. किती, ते मोजून ठरवा. माझ्या क्लिपमध्ये स्वच्छ आकाश 180 होतं आणि ठिपक्याच्या मध्यावर 165. भागाकार 1.09 येतो, म्हणून Gain सुमारे 1.09. हा आकडा साध्या, रंग आधीच बसवलेल्या फूटेजचा आहे. लॉग फूटेज असेल तर गुणाकाराऐवजी बेरीज लागते, तिथे `Offset` वापरा. लॉगमध्ये Gain लावला तर आकाशात डाग जाईल आणि सावलीत तो कमीजास्त होऊन परत दिसेल.

जमलं की नाही ते आकाशावर ठरवू नका. ठिपका गडद भागावरून जातो तिथे क्लिप थांबवून बघा. तिथे उजळ गोल दिसला तर Gain जास्त झाला. क्लिप चालवूनही बघा, कारण स्थिर फ्रेमवर न दिसणारी कड हालचालीत लगेच डोळ्यात भरते.

क्रम मात्र पाळा: हे काम मूळ क्लिपवर, सगळ्यात आधी. स्टॅबिलायझेशन, झूम किंवा क्रॉप आधी केलं तर स्थिर ठिपका फ्रेमभर भटकायला लागतो आणि फ्रेमगणिक त्याच्या मागे धावावं लागतं. शंका असेल तर दुरुस्त क्लिप वेगळी एक्स्पोर्ट करून मग स्थिर करा. फोनच्या डिजिटल स्टॅबिलायझेशनने हे आधीच करून ठेवलं असेल, तर मास्क ट्रॅक करण्यावाचून इलाज नाही. शॉटच्या मध्येच अ‍ॅपर्चर बदललं असेल तर ठिपक्याचा आकार आणि गडदपणाही बदलतो. तिथे क्लिप कापून प्रत्येक तुकड्याला वेगळा मास्क द्या.

ठिपक्याचा मध्य पूर्ण काळा असेल तर उजळायला आत काही उरलेलंच नसतं. तेव्हा शेजारचा तुकडा चिकटवणं किंवा ffmpeg चा `delogo` फिल्टर, एवढंच हाती राहतं. तो आजूबाजूच्या पिक्सेलवरून जागा भरतो. मोकळ्या आकाशावर चालतो, झाडीवर लिबलिबीत दिसतो.

लेन्सवरच्या बोटाच्या ठशाला यातलं काहीच फारसं लागू पडत नाही. तो प्रकाश अडवण्यापेक्षा पसरवतो, त्यामुळे त्या जागी चित्र फिकट होतं आणि सूर्याची दिशा बदलली की त्याचं रूपही बदलतं. मऊ मास्कमध्ये काळा भाग थोडा खाली ओढून कॉन्ट्रास्ट वाढवला तर तो निम्मा-अर्धा लपतो. मी त्यापुढे कधी गेलेलो नाही.