प्रपोजलमधे फीचा आकडा सगळ्यात शेवटी टाक

क्लायंटच्या कामकाजाच्या आढाव्याचं प्रपोजल, त्याचा तुझा ड्राफ्ट वाचला. मेथडॉलॉजीची चार पानं झालीत पण नेमकी कुठली प्रोसेस बघणार तेच नाहीये रे. "संपूर्ण कामकाजाचा आढावा" असं लिहिलंस ना की क्लायंट उद्या स्टोअर्स, परवा एचआर पण त्यातच धरणार.

त्यापेक्षा सरळ लिही, ऑर्डर आल्यापासून माल गेटबाहेर पडेपर्यंत, बिल वसुली यात नाही. मग दिवस मोज. १२ जणांच्या मुलाखती, नोट्स धरून प्रत्येकी अर्धा दिवस म्हणजे ६, वीस जुन्या ऑर्डरी कागदोपत्री शेवटपर्यंत तपासायला ४ (हे सोडू नकोस, लोक सांगतात एक आणि फायलीत निघतं भलतंच), प्रोसेसचा नकाशा काढून क्लायंटच्याच लोकांकडून तपासून घ्यायला ३, रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन ४. झाले १७, वर ३ पाठपुराव्याचे, कारण डेटा कधीच वेळेवर मिळत नाही. या २० दिवसांवर फी काढ, आणि टीममधे कोण किती दिवस ते पण दाखव, नाहीतर सीनियरचं नाव बघून सही करतात आणि येतो ज्युनियर, मग कटकट.

डिलिव्हरेबलला "रिपोर्ट" एवढंच नको, दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या आणि ७ दिवसांत उत्तर नाही आलं तर मान्य असं लिही. मी एकदा हे लिहिलं नव्हतं, नववी फेरी झाली तरी शेवटचा हप्ता अडकलेलाच.

घासाघीस झाली तर रेट सोडू नकोस, मुलाखती कमी कर.