रविवारचे पाच तास आणि मंगळवारची रात्र

“आमचा मुलगा दहावीत आहे. दिवसाला तीन-चार तास मोबाईलवर गेम खेळतो. हातातून मोबाईल घेतला की ताट सरकवून उठतो, बोलत नाही. मार्क अजून पडलेले नाहीत. शेजारचे म्हणतात व्यसन लागलं, तो म्हणतो सगळेच खेळतात. हे नुसतं वेड आहे की आजार, आम्ही कसं ओळखायचं? मोबाईल काढूनच घ्यावा का?” — एक आई, परभणी

ताई, तासांच्या हिशोबावरून हे ओळखता येत नाही, हे मला एका मुलाच्या प्रकरणात फार स्पष्टपणे दिसले, म्हणून तेच सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. आपण त्याला ओंकार म्हणू.

ओंकार निलंगा भागातल्या एका गावचा. दहावीला चांगले गुण मिळाल्यावर अकरावी सायन्स आणि नीटच्या क्लासेससाठी त्याला लातूरला ठेवले होते. आई त्याच्यासोबत खोली करून राहत होती, वडील गावाकडे खता-बियाण्यांचे दुकान सांभाळत आणि दर रविवारी एसटीने लातूरला येत. जानेवारीत ते तिघे माझ्याकडे आले, तेव्हा वडिलांची तक्रार ठाम होती: “मॅडम, मी आठवड्यातून एकदा येतो, तर हा पाच-पाच तास मोबाईलमधून डोकं वर काढत नाही.” आई मात्र रविवारबद्दल फारसे बोलत नव्हती. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा पांघरुणाखाली उजेड दिसतो, एवढेच तिने हळू आवाजात सांगितले. वडिलांना हे ठाऊक नव्हते.

त्याआधी वडिलांनी एक उपाय करून पाहिला होता. त्यांनी मोबाईल गावाकडे नेऊन आठ दिवस दुकानाच्या कपाटात ठेवला. त्या आठ दिवसांत ओंकार अभ्यासाच्या नावाखाली मित्राच्या खोलीवर झोपायला जाऊ लागला आणि तिथे मित्राच्या मोबाईलवर खेळू लागला. खेळ कमी झाला नाही, तो फक्त आईच्या नजरेआड गेला.

मी त्यांना दोन आठवड्यांची एक वही ठेवायला सांगितली. ओंकारने दर वेळी चारच गोष्टी लिहायच्या: खेळ कधी सुरू केला, किती वेळ खेळायचे ठरवले होते, प्रत्यक्षात कधी थांबला आणि सुरू करण्याआधीच्या तासाभरात काय झाले होते. आईने फक्त त्याची झोपण्याची आणि उठण्याची वेळ लिहायची, वहीतल्या मजकुरावर एक शब्दही बोलायचा नाही. मुलाला स्वतःच्या हाताने लिहायला लावण्याचे कारण असे की, पालकांनी ठेवलेली नोंद मुलाला पाळत वाटते आणि मग तो खरे लिहीत नाही.

वही आली तेव्हा त्या एकाच मुलाचे एकाच गेममधले दोन अगदी वेगळे खेळ समोर आले.

रविवारी तो खरोखरच पाच तास खेळत होता, पण गावाकडच्या तीन मित्रांसोबत, चौघांचा संघ करून, मोठमोठ्याने बोलत, हसत. ठरवलेल्या वेळेपेक्षा पंधरा-वीस मिनिटे इकडेतिकडे झाली तरी तो थांबत होता. मध्ये उठून वडिलांना आणायला बसस्टँडवर जात होता आणि आईने मटणाला फोडणी दिली की स्वयंपाकघरात डोकावत होता. कोणत्या नकाशावर कुठे उतरायचे, संघात कोणी मागे राहायचे, हे त्याने मला दहा मिनिटे रंगून सांगितले. त्याच महिन्यात येळवस होती. त्या दिवशी सगळे शेतात गेले, भज्जी-आंबील झाली आणि मोबाईल संध्याकाळपर्यंत पिशवीत पडून होता, तो याला आठवलासुद्धा नाही. ही आवड आहे. तिला वेळ बराच लागतो, पण दुसरे काही आले की ती बाजूला सरकते.

रात्रीचा खेळ एकट्याचा होता. “एकच मॅच, अर्धा तास” असे लिहून तो साडेदहाला सुरू करी आणि थांबण्याची वेळ सव्वादोन लिहिलेली असे. सकाळी सातचा क्लास. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, त्याला त्या रात्री जेमतेम चार तास मिळत. महिन्याभरात त्याचे नऊ सकाळचे क्लास बुडाले होते. संध्याकाळचे व्हॉलीबॉल त्याने गणपतीनंतर सोडले होते. गेम मोबाईलवरून तीनदा काढून टाकला होता आणि तिन्ही वेळा दोन दिवसांत परत घेतला होता. हे शेवटचे त्याने स्वतःहून सांगितले, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण थांबायची इच्छा असूनही थांबता न येणे ही गोष्ट बाहेरून कोणाला दिसत नाही.

दोन रविवार सोडून उरलेल्या बारा रात्रींपैकी अशा पाच रात्री निघाल्या. मग आम्ही वहीतला चौथा रकाना वाचला. दोन मंगळवार, दोन शुक्रवार आणि एक बुधवार. क्लासची चाचणी शनिवारी असे आणि गुणांची क्रमवार यादी मंगळवारी रात्री आठच्या सुमारास व्हॉट्सॲप ग्रुपवर येई. दहावीपर्यंत शाळेत पहिला येणारा हा मुलगा त्या यादीत खालून शोधल्यास लवकर सापडत होता. बुधवारी आई-वडिलांचे फोनवर खोलीच्या भाड्यावरून वाजले होते आणि ते त्याने ऐकले होते. खेळून उठल्यावर कसे वाटते, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “रविवारी खेळून उठलो की भूक लागते, मॅडम. रात्री खेळून उठलो की काहीच लागत नाही.”

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेमिंगचा विकार स्वतंत्रपणे नोंदवला आहे आणि त्याच्या व्याख्येत तास कुठेही मोजलेले नाहीत. तीन गोष्टी पाहिल्या जातात: खेळावर ताबा न राहणे, जगण्यातल्या इतर गोष्टी मागे पडून खेळाला अग्रक्रम मिळत जाणे आणि नुकसान होत असूनही खेळ तसाच चालू राहणे किंवा वाढणे. यामुळे अभ्यास, घर किंवा नात्यांचे ठळक नुकसान झालेले असावे लागते आणि हे चित्र साधारणपणे बारा महिने दिसावे लागते. लक्षणे फार तीव्र असतील तरच त्याहून आधी निदान करता येते. ओंकारच्या रात्रींमध्ये तिन्ही गोष्टींची सुरुवात होती, पण अवधी चारच महिन्यांचा होता आणि रविवार निरोगी होता. त्यामुळे मी ‘विकार’ हा शब्द वापरला नाही. त्याच वर्गीकरणात विकाराच्या अलीकडची ‘धोकादायक गेमिंग’ अशी पायरी आहे, तो तिथे उभा होता. मनाची उदासी तपासण्यासाठी मी त्याला एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले. तिथे औषधाची गरज निघाली नाही.

वडिलांना रविवार बंद करायचा होता. मी त्याला स्पष्ट नकार दिला, कारण मित्रांसोबतचा, हसून खेळला जाणारा आणि वेळेवर थांबणारा तेवढाच एक खेळ त्याच्याकडे उरला होता. रविवारी हात लावायचा नाही आणि एकदा शेजारी बसून एक पूर्ण मॅच पाहायची, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ती पाहिली आणि मॅच मध्येच थांबवता येत नाही, आपण उठलो तर उरलेल्या तिघांचे नुकसान होते, हे त्यांना तेव्हा कळले. तोपर्यंत ‘आत्ताच्या आत्ता ठेव’ याला मुलाने दिलेला नकार त्यांना उद्धटपणा वाटत होता.

रात्रीसाठी साडेदहाला मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, आईचाही तिथेच, असे ठरले. ‘गजर लावायला मोबाईल हवा’ ही सबब राहू नये म्हणून गजराचे साधे घड्याळ आणले. गुणांच्या यादीच्या ग्रुपमधून ओंकार बाहेर पडला. यादी आईच्या मोबाईलवर येई आणि तो ती बुधवारी सकाळी पाही. पण एवढ्याने भागले नसते, कारण मंगळवारची भीती भौतिकशास्त्राची होती आणि ती मोबाईल स्वयंपाकघरात ठेवून जाणार नव्हती. त्याने क्लासमधल्या एका सरांना गाठले. सरांनी त्याला सावकाश चालणाऱ्या बॅचमध्ये घेतले आणि मागे राहिलेला एकच धडा आधी पक्का करून घेतला.

पहिला आठवडा वाईट गेला. झोप येईना, चिडचिड वाढली, पाचव्या दिवशी त्याने जेवण टाकले आणि वडिलांचा मला फोन आला की हे तर वाढलेच. असे होते, साधारण आठवडाभर होते, आणि बरीच घरे नेमकी याच वेळी मोबाईल परत देतात किंवा पुन्हा कपाटात कोंडतात. दहाव्या आठवड्यात पुन्हा दोन आठवड्यांची वही भरली, तेव्हा पाचाच्या जागी एकच रात्र होती. वार्षिक परीक्षेच्या आधी मात्र सलग तीन रात्री घसरल्या. त्या त्याने न लपवता लिहिल्या होत्या.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. ताट सरकवण्यावरून मी काहीच ठरवणार नाही, कारण मोबाईल मॅचच्या मध्यात घेतला होता की संपल्यावर, हे मला ठाऊक नाही. पुढचे काही दिवस जेवणाच्या अर्धा तास आधी त्याला सांगून ठेवा की, ही मॅच संपली की पानावर यायचे, नवीन सुरू करायची नाही. आवड असलेला मुलगा कुरकुरत का होईना, बहुतेक वेळा येतो आणि पंधरा-वीस मिनिटांत त्याचा राग उतरतो. ठरवूनही तो रोज येऊ शकत नसेल, रात्री चोरून खेळत असेल, पूर्वीचे मैदान किंवा मित्र सुटले असतील, तुमच्या यूपीआयवरून न विचारता गेममध्ये पैसे गेले असतील, तर गुण पडण्याची वाट पाहू नका. दहावीच्या हुशार मुलाचे गुण सर्वांत शेवटी पडतात, झोप त्याच्या कितीतरी आधी बिघडते. म्हणून वहीत पहिल्यांदा झोपेचा रकाना वाचा, मग कोणत्या वारी बिघडते ते पाहा.

तो खेळत नसतानाही उदास राहत असेल, आठवडेच्या आठवडे शाळा टाळत असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे एकदाही बोलला असेल, तर वहीत वेळ घालवू नका. त्याच दिवशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडेही त्याला घेऊन जा. यांपैकी काही नसेल, तर मोबाईल काढून घेऊ नका. दोन आठवड्यांची भरलेली वही आणि मुलगा, दोघांना घेऊन या. वही त्याच्याच हातात असू द्या.