खुर्चीच्या किमतीआधी कोपराची उंची मोजा

प्रश्न: मी फ्रीलान्सर आहे, दिवसाचे दहा-दहा तास लॅपटॉपसमोर जातात. हाताला मुंग्या येतात. महागडी अर्गोनॉमिक खुर्ची घ्यावी का? आणि रोजच्या कोणत्या सवयी लावाव्यात?

उत्तर:

खुर्ची सर्वांत शेवटी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या विषयावरचा माझा आणि थोरल्या भावाचा वाद अजून मिटलेला नसल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये घरूनच उपशीर्षकांचे काम करते. मध्यंतरी माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर होऊ लागली; आधी फक्त पहाटे, मग काम करतानाही. दादाचा अंबडला कारखाना आहे आणि त्याचा पैसे मोजून घेतलेल्या वस्तूंवर फार विश्वास आहे. ‘मान आखडली आहे तुझी, त्या जेवणाच्या खुर्चीवर बसून दुसरे काय होणार,’ असे म्हणून त्याने उंच पाठीची, भक्कम हातांची खुर्ची थेट घरी पाठवली. त्यानंतर बधिरपणा वाढला. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडत, त्यामुळे ती आत सरकत नसे. पुढे वाकून टंकायचे तर कोपरे टेबलाच्या धारेवर टेकायची आणि मागे रेलले तर त्याच कडक हातांवर.

कोपर आपटल्यावर करंट लागतो ती अल्नर नस कोपराच्या आतल्या हाडामागून, जवळजवळ कातडीलगत जाते. कोपर दुमडले की ती ताणली जाते आणि तिची वाट अरुंद होते. त्यात खालून टेबलाची धार रुतली की बोटे बधिर होतात. कोणती बोटे बधिर होतात यावरून बरेच समजते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट असेल तर संशय मनगटावर घ्यावा. करंगळी आणि अर्धी अनामिका असेल तर कोपरावर. बधिरपणा हाताच्या आतल्या बाजूने मनगटाच्या बराच वर चढत असेल, तर मात्र मानेचीही तपासणी करावी लागते. माझा बधिरपणा मनगटाच्या वर कधीच गेला नाही, आणि नसांच्या तपासणीतही दोष कोपरापाशीच निघाला. दादा हे आजही मान्य करत नाही.

उपाय खुर्चीत नव्हता, उंचीत होता. आमचे जेवणाचे टेबल 30 इंच उंच आणि खुर्चीची बैठक 18 इंच. मी ताठ बसून हात सैल सोडले की कोपर बैठकीपासून 9 इंचांवर येते, म्हणजे जमिनीपासून 27. टेबल त्याहून 3 इंच उंच पडते. एवढ्या फरकात माणूस एक तर खांदे उचलतो किंवा कोपरे टेकवतो. टेबलाचे पाय कापता येत नव्हते, म्हणून मी बैठकीवर घट्ट गादी घालून ती 21 इंच केली. मग पाय लोंबकळू लागले, कारण माझी गुडघ्यामागची उंची 16 इंच आहे; तेव्हा सुताराकडून 5 इंच उंचीची लाकडी पेटी करून पायाखाली घेतली. लॅपटॉप पुस्तकांवर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणली आणि वेगळा कीबोर्ड व माउस जोडला. लॅपटॉपचा पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असल्यामुळे दोन्हींची उंची एकाच वेळी योग्य होणे शक्यच नसते; म्हणून पहिला खर्च कीबोर्डवर करावा.

सवयींचे म्हणाल, तर अर्ध्या तासाने उठून हात सरळ करावेत, एवढे पुरे. पाणी, डोळे, चालणे यांवर इतरांनी लिहिलेच असेल. पण रात्रीकडे कुणी लक्ष देत नाही. हात दुमडून उशीखाली घेऊन झोपणाऱ्याची नस झोपेतही तासन्‌तास ताणलेलीच राहते. मी कोपराभोवती जाड टॉवेल सैलसर गुंडाळून झोपत असे, म्हणजे हात पूर्ण दुमडत नाही. फोनही कानाला धरून बोलू नये, इअरफोन लावावा. माझा बधिरपणा हळूहळू, काही महिन्यांनी गेला.

हे सर्व सौम्य त्रासापुरते आहे. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरून दुसऱ्याला तो ओढायला सांगा. तो सुटू नये म्हणून अंगठ्याचे टोक वाकवावे लागत असेल, पकड सैल झाली असेल किंवा त्या दोन बोटांमधला मांसल भाग खपाटीला गेला असेल, तर टॉवेल बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे, कारण स्नायू एकदा झिजला की पूर्ण भरून येईलच असे नाही. मधुमेहात आणि बी-12 कमी असतानाही हातपाय बधिर होतात, तेव्हा रक्ततपासणी करून घ्यावी. कंबरेचा जुना विकार असलेल्यांना चांगल्या खुर्चीचा उपयोग होतो, हेही खरे.

तरीही खुर्ची घ्यायचीच असेल, तर घरच्या टेबलाच्या पृष्ठभागाची खालची बाजू जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून न्या आणि दुकानात बैठक तुमच्या उंचीला लावून खुर्चीचे हात त्या मापाखाली जातात का ते बघा. जात नसतील, तर हात काढता येणारीच खुर्ची मागा.