शाखा नको, पेपर बघ

पोरी,

तू पाठवलेल्या स्लाइड नीट बघितल्या. डावीकडं विज्ञान, मधे वाणिज्य, उजवीकडं कला. विज्ञानाखाली डॉक्टर-इंजिनिअर, वाणिज्याखाली सीए, कलेखाली एमपीएससी. दिसायला सोपं आहे, पण फसवं आहे. राज्यसेवा कुठल्याही पदवीवर देता येते. सीएची फाउंडेशन बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते. शाखा बघू नको, पेपर बघ.

घरच्यांनी नीटच्या क्लाससाठी लातूर ठरवलंय आणि तू लिहितेस, "बायोलॉजी घेतली की गणिताची कटकट मिटली." इथं माझा संताप होतो. तुझ्यावर नाही, तुला हे सांगणाऱ्यांवर. तुझे दहावीचे 86 टक्के बेस्ट ऑफ फाइव्हचे आहेत, त्यात गणित धरलेलंच नाही. गणितात 62 आहेत. त्यातले अंतर्गत 20 जवळपास सगळ्यांनाच पुरे मिळतात. म्हणजे लेखीत 80 पैकी बेचाळीस-त्रेचाळीस. निर्णयाला हा आकडा लागतो, 86 नाही.

आता पेपर बघ. नीट 720 गुणांची. जीवशास्त्राला 360, रसायनाला 180, भौतिकाला 180. गणिताचा पेपर नाही, खरंय. पण भौतिकातली गणितं सदिश आणि कॅल्क्युलसवरच उभी असतात, रसायनातही मोलची आकडेमोड सुटत नाही, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. जीवशास्त्र तोंडपाठ असलेली पोरं भौतिकात अडकतात आणि मग वर्षामागून वर्ष रिपीट करतात. लातूरच्या खोल्यांतून अशी पोरं मी बघितलीत, म्हणून गावातले पालक रागावले तरी मी हेच बोलत राहतो. शाखा नको, पेपर!

क्लासची फी भरण्याआधी एक कर. बालभारतीच्या साइटवरून अकरावीचं भौतिकाचं पुस्तक फुकट उतरवून घे. दुसरं प्रकरण गणिती पद्धतींचं, तिसरं प्रतलातल्या गतीचं. पंधरा दिवस स्वाध्याय एकटीनं सोडव. सोडवलेलं उदाहरण वाचून कळतंय, पण पुढच्याची पहिली ओळ सुचत नाही, असं शेवटपर्यंत राहिलं तर नीटवर सगळं लावू नको. पहिली ओळ सुचायला लागली, तर बायोलॉजीसोबत गणितही ठेव. गणित सोडलंस की बारावीनंतर इंजिनिअरिंग गेलं.

नाहीच जमलं, तर सीईटीचा पीसीबी गट बघ. 200 गुणांत जीवशास्त्र 100, भौतिक आणि रसायन 50-50, निगेटिव्ह मार्किंग नाही. तुझ्या ताकदीला हा पेपर जास्त जवळचा. त्यावर बी. फार्म. होतं, परभणीच्या विद्यापीठात बी. एस्सी. कृषीही होतं. डिप्लोमाचा विचार गणित टाळायला करू नको, पहिल्याच वर्षाला तिथं गणित आहे.

बाबांना माझ्याशी बोलायला सांग. ते रागावले तरी चालेल. स्वाध्यायाची वही मात्र घेऊन ये, खाडाखोड न पुसता.

तुझा काका