झिंकनंतर गो रिंग अडकते आणि मेजर मात्र लिमिटमध्ये: माझा अनुभव

प्रश्न: "एम १० बाय १.५, ६जी चे स्टड आहेत, ८.८ ग्रेड, सीएनसीवर आटे काढलेत. प्लेटिंगच्या आधी गो रिंग बोटाने फिरत होती. झिंक करून आले तर दुसऱ्याच आट्याला अडकते. मेजर डायमीटर मायक्रोमीटरने ९.९४ येतोय, म्हणजे लिमिटमध्ये आहे. प्लेटिंगवाला म्हणतो आठच मायक्रॉन मारलेत. चूक कुणाची?"

वाचता वाचता हसू आलं आणि पोटात गोळाही आला. आकडेसुद्धा जवळपास तेच. सात-आठ वर्षांपूर्वी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत माझ्या शेडमध्ये चार हजार स्टड असेच परत आले होते, त्याच टेम्पोने, त्याच गोण्यांत. आधीच सांगतो, मी मेट्रोलॉजीचा पंडित नाही. कारखान्यात पैसे घालवून जे शिकलो ते लिहितोय. तुमच्या ड्रॉइंगवर काही वेगळं लिहिलं असेल तर ड्रॉइंग खरं.

मेजरचं आधी उरकून टाकू. ६जी मध्ये एम १० बाय १.५ चा मेजर ९.७३२ ते ९.९६८ च्या दरम्यान हवा. तुमचा ९.९४ आहे, उत्तम. पण मेजर म्हणजे आट्याचा नुसता माथा. रिंग अडकते ती बाजूच्या उतारावर, आणि तिथला हिशेब पिच डायमीटरचा. त्याची लिमिट ८.८६२ ते ८.९९४. माथा ठरतो तुम्ही बार किती टर्न केला त्यावर, पिच डायमीटर ठरतो टूल किती खोल गेलं त्यावर. एकाचं माप घेऊन दुसऱ्याबद्दल काहीही कळत नाही. मीसुद्धा तेव्हा मायक्रोमीटर नाचवत "साहेब, हे बघा, ओके आहे" म्हणत फिरलो होतो. आठवलं की अजून कान गरम होतात.

आता मुद्द्याचं. नटाच्या आणि बोल्टच्या आट्यांचा मूळ पिच डायमीटर एकच असतो, या मापाला ९.०२६. ६एच नट, म्हणजे मोठ्या H चा, त्या रेषेपासून वर सुरू होतो. ६जी बोल्ट त्या रेषेच्या ३२ मायक्रॉन खाली सुरू होतो, म्हणून ९.०२६ वजा ०.०३२ बरोबर ८.९९४. तिथून खाली १३२ मायक्रॉनची टॉलरन्स, म्हणजे ८.८६२. ही ३२ मायक्रॉनची मोकळीक ठेवण्यामागचं एक मोठं कारण म्हणजे प्लेटिंगला जागा मिळावी. ६जी ची लिमिट, ड्रॉइंगवर वेगळं लिहिलं नसेल तर, प्लेटिंगच्या आधीची असते. प्लेटिंगनंतर आटा फक्त ९.०२६ ची रेषा ओलांडता कामा नये, म्हणजे बोल्टच्या, लहान h वाल्या ६एच च्या वरच्या लिमिटच्या आत राहायला हवा.

३२ मायक्रॉन म्हणजे आठ मायक्रॉन झिंकसाठी भरपूर, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं, आणि तिथेच मी गेलो. थर बसतो उताराला काटकोनात. आट्याची बाजू तीस अंशात कललेली, त्यामुळे t जाडीच्या थराने त्रिज्येच्या दिशेत दोन t वाढ होते. समोरच्या बाजूलाही तेवढीच. म्हणजे पिच डायमीटर चार पट वाढतो. मेजर मात्र दोनच पट, कारण माथ्यावर थर सरळ बसतो. आठ चोक बत्तीस. तुमचा आटा आधीच ८.९९४ वर असेल तर आठ मायक्रॉन झिंकने तो बरोबर रेषेवर येऊन टेकतो, नवव्या मायक्रॉनला अडकतो.

आणि थर आठवर कधीच थांबत नाही. ऑर्डरवर "८ मायक्रॉन किमान" लिहिलेलं असतं, प्लेटिंगवाला ते पाळतो आणि मोजतो कुठे? स्टडच्या मधल्या साध्या भागावर, कारण आट्यावर गेज नीट टेकतच नाही. तुमचा माणूस खोटं बोलत नाहीये, तो मधल्या भागाबद्दल बोलतोय. करंट कडांकडे आणि टोकांकडे जास्त धावतो, म्हणून टोकाच्या पहिल्या आट्यांच्या माथ्यांवर आणि उतारावर थर जाड होतो. स्टडची दोन्ही टोकं म्हणजेच आटे. तुमची रिंग दुसऱ्या आट्याला का अडकली, त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

माझ्या लॉटचा हिशेब सांगतो. ऑपरेटर अनुभवी, "मटेरियल जास्त ठेवलं की सेफ" हा त्याचा जुना नियम. पिच डायमीटर ८.९८५ च्या आसपास ठेवला होता. गो रिंग फिरत होती, नो-गो अडकत होती, माझी सही झाली. आट्यावर थर निघाला १२ मायक्रॉनचा. बारा चोक अठ्ठेचाळीस, ८.९८५ अधिक ०.०४८ म्हणजे ९.०३३. रेषा सात मायक्रॉनने ओलांडली. सगळा लॉट गेला. ही माझी चूक, त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही. प्लेटिंगच्या आधीचा गो-नो-गो रिपोर्ट "चांगला" म्हणतो, पण वरच्या टोकाला चांगला की खालच्या, हे रिंग सांगत नाही. थ्री-वायर लावून, म्हणजे आट्यांत तीन वायरी टेकवून वरून मायक्रोमीटरने, पिच डायमीटरचा आकडा एकदा बघितला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

यापुढची जी गोष्ट आहे ती अजून पचलेली नाही. झिंक ॲसिडमध्ये उतरवलं, नवीन लॉट ८.९५ वर काढला, १२ मायक्रॉनसकट तो ८.९९८ च्या आसपास आला. स्टँडर्डप्रमाणे पास, कारण ९.०२६ च्या आत आहे. गिऱ्हाइकाच्या इनवर्ड इन्स्पेक्शनने पुन्हा परत केला. का? त्यांच्याकडे एकच गो रिंग, तिच्यावर ६जी कोरलेलं, आणि "ड्रॉइंगवर ६जी, रिंगवर ६जी, विषय संपला." ६जी ची गो रिंग म्हणजे ८.९९४ ची रिंग. ती प्लेटिंगनंतर लावली की झिंकसाठी राखलेली जागाच खाऊन टाकली. मी स्टँडर्डचं पान झेरॉक्स करून नेलं. समोरच्याने पान न बघता विचारलं, "यावर आमच्या क्वालिटी मॅनेजरची सही आहे का?" तीन आठवडे गेले, डेबिट नोट आली, आणि दिवाळीपूर्वीचं पेमेंट होळीला मिळालं. कंपनीचं नाव घेत नाही. मकरपुऱ्यातल्या जुन्या लोकांना अंदाज येईल, येऊ द्या.

म्हणून माझं मत, आणि हे मतच आहे: भांडण जिंकण्यापेक्षा ऑफसेट खाली आणणं स्वस्त. आटा इतका खाली काढा की प्लेटिंगनंतरही त्यांच्या ६जी रिंगमध्ये जाईल. ८.९९४ मधून ०.०४८ वजा केले की ८.९४६. खालची लिमिट ८.८६२. म्हणजे तब्बल ८४ मायक्रॉनची पट्टी उरते. दोन्हीकडे थोडी जागा सोडून मी आता ८.९१ वर सेट करतो. तरीही आटा पूर्णपणे ६जी मध्येच आहे, कुणाला काही सांगावं लागत नाही. "आटा ढिला पडेल" म्हणणारा भेटेलच, त्याला ८.८६२ दाखवा. ती लिमिट उगीच दिलेली नाही.

हेच गणित तुमच्या मशिनवर आणायचं तर थ्री-वायरचं सूत्र लागतं. त्यात M म्हणजे वायरींवरून मायक्रोमीटरचं माप, d2 पिच डायमीटर, W वायरचा व्यास, P पिच. १.५ पिचसाठी योग्य वायर ०.८६६.

```
M = d2 + 3W - 0.866 * P
```

०.८६६ ची वायर आणि १.५ पिच टाकलं की d2 मध्ये सरळ १.२९९ मिळवायचे. ८.९१ साठी मायक्रोमीटरवर १०.२०९ दिसायला हवं. झिंकची जागा सोडून वरची लिमिट १०.२४५ आणि खालची १०.१६१, हे दोन आकडे मी मशिनच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवलेत. ऑपरेटरला सूत्र नको, आकडे हवेत.

दुसऱ्या एका शक्यतेबद्दल थोडं, कारण तुमच्यासारख्या तक्रारीत तीही भेटते. प्लेटिंगच्या आधीच रिंग जड असेल आणि थ्री-वायर मात्र ८.९३ दाखवत असेल, तर दोष पिचमध्ये किंवा उताराच्या कोनात असतो. थ्री-वायर एका ठिकाणची जाडी सांगते, गो रिंगला मात्र आट्यांची सगळी लांबी एकदम पटावी लागते. रिंगच्या लांबीत पिचची चूक १० मायक्रॉन साचली तर रिंगला तोच आटा सुमारे १७ मायक्रॉन मोठा वाटतो. ओळखायचं असं: पहिल्या आट्यालाच अडकली तर माप, बर किंवा टोकावरचं झिंक, आधी मोकळी आणि जशी पुढे जाईल तशी जड होत गेली तर पिच किंवा टेपर. तुमची आधी बोटाने फिरत होती म्हणताय, म्हणून मी झिंककडेच बोट दाखवतोय. पण हाताने न मोजता सांगतोय, हे लक्षात ठेवा.

आत्ता हातात असलेल्या लॉटचं काय? आधी लहान h वाली ६एच ची गो रिंग उसनी मिळवा. जीआयडीसीत एखाद्या टूलरूमकडे असेल. तिच्यात स्टड पूर्ण लांबी मोकळा गेला तर माल स्टँडर्डप्रमाणे बरोबर आहे आणि भांडायला तुमच्याकडे काहीतरी आहे. नाही गेला तर झिंक उतरवणं आलं. ८.८ ग्रेडला ॲसिडची फारशी भीती नाही, पण १२.९ सारख्या कडक मालाला हायड्रोजनचा धोका असतो, तिथे असलं धाडस करू नका. आणि एक चूक तर अजिबात करू नका: झिंक झालेल्या स्टडवर डाय फिरवू नका. रिंग बसेल, झिंक उडेल, आणि गंज पावसाळ्यात तुमच्याच नावाने निघेल. आमच्या इथे एकाने केलं होतं.

पुढच्या वेळी ऑर्डर घेतानाच पीओवर एक ओळ टाकून घ्या: "६जी प्लेटिंगच्या आधी, प्लेटिंगनंतर लहान h ची ६एच गो रिंग." ही ओळ मान्य करायला त्यांनी कां-कूं केली की समजा, आपल्याला ८.९१ वर जायचंय. आणि लक्षात असू द्या, प्रत्येक पिचची मोकळीक वेगळी. एम ६ ला फक्त २६ मायक्रॉन, म्हणजे साडेसहाच्या पुढे झिंक गेलं की वरच्या टोकाचा आटा अडकलाच. एम १६ ला ३८, तिथे साडेनऊपर्यंत चालतं. हॉट डिप करायचं असेल तर हा सगळा हिशेबच मोडतो, चाळीस-पन्नास मायक्रॉनला कोणताही ६जी पुरत नाही. तिथे नट मोठा टॅप करावा लागतो, तो वेगळा विषय.

एक करा. पुढच्या लॉटमधले दहा स्टड बाजूला काढा, मधल्या भागावर इलेक्ट्रिक पेनने नंबर कोरा, थ्री-वायरने प्लेटिंगच्या आधी आणि नंतर मोजा. फरकाला चारने भागा, तुमच्या प्लेटिंगवाल्याचा आट्यावरचा खरा थर मिळेल. आकडे इथे टाका, मी रविवारी सेव-उसळ झाल्यावर बघतो.