डिफ्रॉस्टच्या वेळी फ्रिज ट्रिप होतो: सर्व्हिस सेंटरला काय लिहून द्यावं?

प्रश्न: ठाण्यात कासारवडवलीला राहते. २६० लिटरचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज आहे, चार वर्षं झाली. दिवसातून दोनदा घरातली लाइट जाते. बोर्डावरचा ‘टी’ बटणवाला रुंद स्विच पडलेला असतो. वर केला की पाचेक मिनिटांनी फ्रिज सुरू होतो आणि पुढे नीट चालतो. मेकॅनिक म्हणाला फ्रिज ओके, वायरिंग बघा. इलेक्ट्रिशियन म्हणतो वायरिंग ओके, फ्रिज बघा. मी वेळा टिपल्यात. सोमवारी रात्री कॉम्प्रेसर १०:०५ ला थांबला, स्विच १०:१७ ला पडला. मंगळवारी सकाळी ८:४० आणि ८:५३, संध्याकाळी ७:१० आणि ७:२२. आता सेंटरला लेखी द्यायचंय. काय लिहू?

उत्तर:

ताई, तुमच्या टिपणात दोन वेळांमधला फरक आहे ना, बारा-तेरा मिनिटांचा, तोच पत्राचा कणा करा. ‘वारंवार ट्रिप होतो’ असं लिहिलंत तर पुन्हा तोच मुलगा येईल, फ्रिज चालू बघेल आणि सही घेऊन जाईल. ‘कॉम्प्रेसर थांबल्यावर बारा मिनिटांनी’ असं लिहिलंत की वाचणाऱ्याला नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

ते कसं, ते आधी सांगतो. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये फ्रीझरच्या मागच्या पॅनलआड कॉइल असते आणि तिच्यावर बर्फ धरतो. काही तास कॉम्प्रेसर चालला की कंट्रोल बोर्ड त्याला थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर लावतो. बर्फ वितळतो, पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं. कॉइल पुरेशी तापली की तिला चिमटलेला छोटा गोल थर्मोस्टॅट, ज्याला मेकॅनिक ‘बायमेटल’ म्हणतात, हीटर बंद करतो. मग थोडा वेळ पाणी निथळू देऊन कॉम्प्रेसर परत सुरू होतो.

या क्रमात स्विच कधी पडतो यावरून दोष ओळखता येतो. हीटर लागताक्षणी पडला, तर हीटरचं इन्सुलेशन पार गेलंय. शेवटी कॉम्प्रेसर उठताना पडला, तर संशय कॉम्प्रेसर आणि त्याच्या रिलेवर. तुमच्याकडे तो मधेच पडतोय, म्हणजे बर्फाचं पाणी व्हायला लागल्यावर. पाणी हीटरच्या टोकाच्या सीलमध्ये, बायमेटलच्या फुटलेल्या टोपणात किंवा त्यांच्या कनेक्टरमध्ये शिरतं आणि करंट बॉडीतून अर्थिंगला गळतो. कॉम्प्रेसर तर दिवसातून कितीतरी वेळा थांबून परत सुरू होतो, तेव्हा काहीच होत नाही. म्हणून तो जवळजवळ निर्दोष. हे पत्रात आलंच पाहिजे, कारण चार वर्षांच्या फ्रिजवर बहुधा फक्त कॉम्प्रेसरची वॉरंटी उरलेली असते, हीटरची नाही. दोष कशावर टाकला जातो यावर बिल ठरतं.

दुसरा पुरावा पडणाऱ्या स्विचचा. ‘टी’ बटणवाला रुंद स्विच म्हणजे आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा करंट जुळला नाही की तो पडतो. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलीअँपियरचा असतो आणि १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. लोड जास्त झाल्यावर जो पडतो तो अरुंद एमसीबी. समजा हीटर २०० वॉटचा आहे. २३० व्होल्टवर तो एक अँपियरसुद्धा ओढत नाही, तेव्हा ‘लोड वाढतोय’ हे कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

फ्रिज नंतर दहा तास गुमान का चालतो, हाही प्रश्न तुम्हाला पडला असेल. इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे बहुतेक फ्रिज लाइट गेली की सगळं विसरतात आणि परत आली की थोडं थांबून थंड करायला लागतात. अर्धवट राहिलेलं डिफ्रॉस्ट तसंच राहतं. (जुन्या फिरत्या टायमरच्या फ्रिजमध्ये टायमर त्याच जागी अडकतो, म्हणून स्विच वर केला की बऱ्याचदा लगेच परत पडतो.) त्यामुळे मेकॅनिक येतो तेव्हा हीटर बंद असतो आणि त्याला फ्रिज खरंच ठीक दिसतो. तो खोटं बोलत नाहीये, फक्त चुकीच्या वेळी आलाय. पुढे अर्धवट वितळलेला बर्फ कॉइलवर साचत जाईल आणि खालच्या कप्प्याची थंडाई कमी होईल. पावसाळ्यात तर लवकरच, कारण दार उघडलं की घोडबंदरची दमट हवा थेट आत. मागच्या पॅनलवर बर्फाचा थर दिसायला लागला असेल तर फोटो काढून पत्राला जोडा.

पत्र पाठवण्यापूर्वी एक काम करा, म्हणजे ‘वायरिंग बघा’ हे उत्तर परत येणार नाही. आरसीसीबी सगळ्या घराची गळती एकत्र मोजतो. एसी, वॉशिंग मशिन, वॉटर प्युरिफायर यांची प्रत्येकाची थोडी थोडी गळती असतेच, त्यात फ्रिजची पडली की हद्द ओलांडते. म्हणून डिफ्रॉस्टच्या अंदाजे वेळी फ्रिजच्या लाइनचा एमसीबी सोडून बाकी सगळे खाली करा. तरीही आरसीसीबी पडला तर गळती त्या लाइनवर आहे. मग पुढच्या डिफ्रॉस्टला फ्रिज दुसऱ्या लाइनवरच्या, दुसऱ्या खोलीतल्या थ्री-पिन सॉकेटवर लावा, फक्त त्या लाइनचा एमसीबी वर करा आणि बाकीचे खाली ठेवा. तिथेही पडला की इलेक्ट्रिशियनचा विषय संपला. बाकी सगळं बंद असताना पडला नाही, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. फ्रिजची गळती तेव्हा नाहीशी होत नाही, फक्त एकटी हद्दीच्या आत राहते.

आता पत्र. असं लिहा, मॉडेल आणि सीरियल नंबर फ्रिजवरच्या स्टिकरवरून घाला:

> प्रति,
> व्यवस्थापक, सेवा केंद्र, ठाणे
>
> विषय: डिफ्रॉस्ट चालू असताना फ्रिजमधून होणारी विद्युत गळती. मॉडेल क्र. …, सीरियल क्र. …, आधीची तक्रार क्र. …
>
> महोदय,
> आमच्या २६० लिटर फ्रॉस्ट फ्री फ्रिजमुळे घरातील आरसीसीबी प्रत्येक डिफ्रॉस्टच्या वेळी पडतो. एमसीबी एकदाही पडलेला नाही. नोंदवलेल्या वेळा अशा:
>
> सोमवार रात्री: कॉम्प्रेसर बंद १०:०५, आरसीसीबी पडला १०:१७ (१२ मिनिटे)
> मंगळवार सकाळी: ८:४० आणि ८:५३ (१३ मिनिटे)
> मंगळवार संध्याकाळी: ७:१० आणि ७:२२ (१२ मिनिटे)
>
> दोन घटनांमध्ये सुमारे साडेदहा तासांचे अंतर आहे. प्रत्येक वेळी आरसीसीबी पडला तेव्हा कॉम्प्रेसर बंद होता. एरवी कॉम्प्रेसर दिवसभरात अनेकदा थांबून सुरू होतो, त्या वेळी आरसीसीबी पडत नाही. घरातील इतर सर्व एमसीबी बंद ठेवून आणि फ्रिज दुसऱ्या सॉकेटवर लावूनही हाच प्रकार घडला. (हे केल्यानंतरच लिहावे.)
>
> यावरून दोष डिफ्रॉस्ट हीटर, बायमेटल थर्मोस्टॅट किंवा त्यांच्या जोडणीत असावा असे दिसते. आपल्या तंत्रज्ञाने भेटीच्या वेळी:
> कॉइलवर बर्फ असताना डिफ्रॉस्ट हाताने सुरू करून किमान २० मिनिटे निरीक्षण करावे;
> हीटर आणि बायमेटलची जोडणी कंट्रोल बोर्डापासून सोडवून बॉडीच्या सापेक्ष ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासावे;
> आलेले रीडिंग जॉबशीटवर लिहून द्यावे.
>
> मागील भेटीत यांपैकी काहीही झाले नव्हते. भेटीची तारीख व वेळ लेखी कळवावी.

पत्र ईमेलनेच पाठवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं ‘बघतो मॅडम’च्या खाली गाडलं जातं.

मेगरचा आग्रह का धरायचा तेही सांगतो. मल्टिमीटर लावून मेकॅनिक हीटरच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स बघतो. २०० वॉटचा हीटर असेल तर २६० ओहमच्या आसपास आकडा येतो आणि तो म्हणतो ‘हीटर ओके’. त्यातून एवढंच कळतं की आतली तार तुटलेली नाही. तारेतून बॉडीकडे गळती आहे का, हे वेगळं मोजावं लागतं, आणि मल्टिमीटरच्या बॅटरीच्या व्होल्टेजवर ओलाव्यातली गळती बऱ्याचदा दिसतच नाही. मेगर ५०० व्होल्ट देतो, तिथे ती उघडी पडते. एक मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर भाग बदलायचा. कोरड्या अवस्थेत चांगलं आलं तर भाग ओला असताना पुन्हा घ्यायला सांगा. मेगर लावताना बोर्डाची जोडणी सुटलेली हवी, नाहीतर बोर्ड जातो आणि नवं भांडण सुरू होतं. बायमेटल फुगलेला किंवा त्याचं टोपण तडकलेलं असेल तर ते नुसत्या डोळ्यांनाही दिसतं.

एका ‘जुगाडा’ला मात्र ठाम नाही म्हणा. कुणीतरी सुचवेल की आरसीसीबी काढून टाका, किंवा फ्रिजची अर्थिंगची पिन तोडा, ट्रिप बंद होईल. ट्रिप बंद होईल हे खरं, पण मग गळणारा करंट फ्रिजच्या पत्र्यावर बसून राहील. ओल्या हाताने दार उघडणाऱ्यालाच तो सापडेल. तात्पुरता मार्ग हवाच असेल तर मेकॅनिककडूनच हीटरची जोडणी सोडवून घ्या. बर्फ चढत जाईल, पण एक-दोन दिवस फ्रिज थंड राहील. शिवाय हीटर सुटलेला असताना एकदाही स्विच पडला नाही, तर दोष हीटरच्या सर्किटमध्येच आहे हे सिद्ध होतं. ही नोंदही पत्रात वाढवा.

तंत्रज्ञ येण्याच्या आदल्या रात्री फ्रिज रिकामा करून उघडा टाकू नका. आवरून ठेवावंसं वाटेल, पण बर्फ वितळला की पाणीच उरत नाही, आणि पाणी नाही तर गळतीही दिसत नाही. फ्रीझरमधले बोंबील हवे तर शेजारी ठेवा, फ्रिज मात्र चालू राहू द्या.

आणि तो येऊन ‘कॉम्प्रेसर गेलाय’ म्हणाला, तर एवढंच विचारा: मंगळवारी ८:५३ ला कॉम्प्रेसर तेरा मिनिटं बंद होता, मग तेव्हा गळती कुठून आली? उत्तर जॉबशीटवर लिहून मागा. लिहायला नकार दिला किंवा सेंटरने पत्राला दादच दिली नाही, तर हेच पत्र आणि वेळांची नोंद घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवता येते.